रोजनाम्यातली एक ओळ

कौटुंबिक न्यायालयात घटस्फोटाच्या अर्जाचा पुकारा होतो. एका बाजूचे वकील उभे राहतात आणि एक पानभर पुरसिस देतात: अर्जदाराचे अमुक तारखेला निधन झाले, सोबत मृत्यूचा दाखला. न्यायाधीश ती वाचतात आणि रोजनाम्यात ओळ लिहिली जाते की अर्ज अबेट झाला. चार वर्षांची फाइल, उलटतपासणीचे कागद, एकमेकांवर केलेले आरोप, सगळं त्या ओळीने मिटतं. आणि त्याच ओळीमुळे समोरच्या बाकावर बसलेली बाई घटस्फोटित न ठरता विधवा ठरते.

मला या जागेचं नेहमी आश्चर्य वाटतं. कायद्याला ‘जवळजवळ घटस्फोट’ ही अवस्था ठाऊकच नाही. हुकूम झालेला असतो किंवा नसतो. परस्परसंमतीच्या अर्जावर दोघांनी सह्या केल्या, सामान वाटून घेतलं, ठरलेली रक्कम तयार ठेवली आणि मधल्या मुदतीत एकजण गेला, तरी लग्न मृत्यूच्या क्षणापर्यंत शाबूत होतं. दहा वर्षं वेगळं राहून फरक पडत नाही. न्यायिक विभक्ततेचा हुकूम असला तरी नाही, कारण तो एकत्र राहण्याची सक्ती उठवतो, लग्न मोडत नाही. घटस्फोट मागण्याचा हक्क इतका व्यक्तिगत आहे की माणूस गेला की तो हक्कही जातो. मुलगा गेला म्हणून आई त्याच्या वतीने अर्ज पुढे चालवू शकत नाही.

मग मालमत्तेचं काय होतं? इथे मी हिंदू वारसा कायद्यापुरतंच, म्हणजे 1956च्या अधिनियमापुरतंच बोलते. नवरा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याची आई, विधवा, मुलगे आणि मुली हे पहिल्या वर्गातले वारस. समजा मागे आई, बायको आणि एक मुलगा आहे आणि 90 लाखांचा फ्लॅट आहे. तिघांना सारखा वाटा, प्रत्येकी 30 लाखांचा. ‘ती तर माझ्या मुलाला सोडून गेली होती’ हे सासूबाईंचं म्हणणं मनाला पटलं, तरी वाटा काढून घ्यायला पुरत नाही. लग्नच कायदेशीर नव्हतं, घटस्फोटाचा हुकूम आधीच झाला होता, मृत्युपत्रात दुसऱ्याला दिलं आहे, किंवा तिनेच खून केला, असं काही सिद्ध करावं लागेल. नुसता प्रलंबित खटला त्या यादीत नाही.

आता हीच गोष्ट उलटी करून बघा, कारण तिथे कायदा अचानक वेगळा चेहरा दाखवतो. समजा पुण्यात बँकेत नोकरी करणारी एक बाई आहे. मूल नाही. लग्नानंतर दोनच वर्षांत छळाला कंटाळून माहेरी आली, क्रूरतेच्या कारणावरून घटस्फोटाचा अर्ज केला. पगारातून हप्ते भरून तिने 70 लाखांचा फ्लॅट घेतला, 10 लाख मुदत ठेवीत टाकले. आजारपणात तिची सेवा आईने केली. तारीख पुढे ढकलली गेली आणि त्याआधीच ती गेली. मृत्युपत्र नाही.

पुरुषाच्या वारसांत आई पहिल्या रांगेत होती. बाईच्या वारसांसाठी मात्र कलम 15 आहे. पहिला क्रमांक मुलगे, मुली आणि नवरा यांचा. दुसरा नवऱ्याच्या वारसांचा. तिचे स्वतःचे आई-वडील तिसऱ्या क्रमांकावर. म्हणजे ज्याच्यापासून सुटका मागत ती न्यायालयात गेली, त्यालाच सगळे 80 लाख मिळतात. आईला काहीच नाही. एक अपवाद आहे. जे तिला आई-वडिलांकडून वारशाने मिळालेलं असेल, ते मूलबाळ नसल्यास वडिलांच्या वारसांकडे परततं. पण कमावलेला फ्लॅट तिच्या घामाचा, म्हणून तो या अपवादात बसत नाही. वारशात मिळालेलं माहेरी परततं आणि स्वतः मिळवलेलं सासरी जातं, हे मला प्रत्येक वेळी नव्याने खटकतं. 2009 साली सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं होतं. लग्नानंतर थोड्याच काळात विधवा झालेली, सासरहून हाकललेली आणि माहेरच्यांनी शिकवलेली बाई. तिने जमवलेली पुंजी शेवटी नवऱ्याच्या बाजूच्या वारसांकडे गेली. न्यायालयाने सहानुभूतीने कायद्याचा अर्थ बदलता येणार नाही असं सांगितलं.

इथे घरोघरी एक चूक होते. ‘बँकेत आईचं नॉमिनेशन आहे, काळजी नाही.’ नॉमिनीला बँक पैसे देते हे खरं, पण साधारणपणे तो ते वारसांसाठी सांभाळतो, मालक होत नाही. नवरा दावा करून ते 10 लाख आईकडून मागू शकतो. चक्र उलटं फिरवणारा कागद एकच, मृत्युपत्र. त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. स्वतःची सही आणि ती सही पाहून दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढं पुरतं. अर्ज दाखल करताना वकील वकीलपत्रावर सही घेतात, प्रतिज्ञापत्र करवून घेतात; त्याच टेबलावर हा कागदही व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

सरकारनेही या फटीकडे एका जागी पाहिलं आहे. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतन विभागाने जानेवारी 2024मध्ये सांगितलं की घटस्फोटाचा खटला चालू असलेली किंवा नवऱ्याविरुद्ध कौटुंबिक हिंसाचाराची तक्रार केलेली महिला कर्मचारी लेखी विनंती करू शकते: खटला चालू असताना माझा मृत्यू झाला, तर कुटुंब निवृत्तिवेतन नवऱ्याआधी माझ्या पात्र मुलांना द्या. पण विनंती तिने जिवंतपणी कार्यालयप्रमुखांना द्यायला हवी आणि लाभ मुलांना आहे. आपल्या उदाहरणातल्या आईला तो नाही.

आणि सगळ्यात विलक्षण वळण हुकूम झाल्यानंतरचं. समजा नवऱ्याने बायकोला नोटीस नीट न पोचवता एकतर्फी घटस्फोट मिळवला आणि मग तो वारला. कागदावर ती घटस्फोटित, म्हणून वाटा शून्य. प्रतिपक्षच उरला नाही, मग ती दाद कुणाविरुद्ध मागणार? सर्वोच्च न्यायालयाने 1997मध्ये याचं उत्तर दिलं. हुकूम झाला की तो केवळ दोघांमधला प्रश्न उरत नाही. तिचा दर्जा आणि मालमत्तेतला हक्क त्यावर टांगलेला असतो. म्हणून मृताच्या वारसांना समोर आणून ती एकतर्फी हुकूम रद्द करून मागू शकते. तो रद्द झाला की मूळ अर्ज पुन्हा जिवंत होतो, पण अर्जदारच हयात नसल्याने चालू शकत नाही आणि तिथेच अबेट होतो. घटस्फोट नाही, म्हणजे लग्न शेवटपर्यंत होतं. नवऱ्याच्या मृत्यूनंतर कित्येक महिन्यांनी न्यायालयाच्या दालनातून एक बाई त्याची विधवा म्हणून बाहेर पडते आणि वारस दाखल्याच्या अर्जावर आपलं नाव लिहिते.