सारांश म्हणजे छोटा अहवाल नव्हे

बदलापूर गावातल्या सोसायट्यांमध्ये आता स्ट्रक्चरल ऑडिटचे अहवाल ईमेलने फिरतात. आदर्श उपविधींनुसार 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर 5 वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर 3 वर्षांनी करायचं असतं. त्यामुळे प्रत्येक सेक्रेटरीवर कधी ना कधी साठ-सत्तर पानी पीडीएफ सभासदांना पाठवायची वेळ येते. त्या ईमेलच्या सुरुवातीला काय लिहायचं याबद्दल एक गैरसमज इतका घट्ट बसलाय की ऐकून चीड येते: सारांश म्हणजे अहवालाच्या प्रत्येक प्रकरणातून एकेक वाक्य उचलायचं, त्याच क्रमाने.

तसं केलं की काय होतं ते बघा. उदाहरणादाखल 24 सदनिकांची, 22 वर्षं जुनी, खाली पार्किंग असलेली इमारत घेऊ. सेक्रेटरी लिहितात: “सोसायटीने नेमलेल्या अभियंत्यांनी इमारतीची पाहणी केली. रिबाउंड हॅमर, अल्ट्रासोनिक पल्स व्हेलॉसिटी आणि हाफ-सेल चाचण्या घेण्यात आल्या. काही खांबांत गंज आढळला. अहवाल सोबत जोडला आहे, कृपया अवलोकन करावे.” यात खोटं काहीच नाही. पण वाचणाऱ्याला घर रिकामं करायचं की नाही, पैसे किती द्यायचे आणि गाडी कुठे लावायची, यातलं काहीच कळत नाही.

अभियंता पाहणी, चाचण्या, निष्कर्ष, शिफारस या क्रमाने लिहितो, कारण निष्कर्ष कशावर उभा आहे हे त्याला दाखवायचं असतं. सभासद मात्र आधी शिफारस शोधतो. म्हणून सारांशाचा क्रम उलटा हवा. त्याच अहवालाचा सारांश असा लिहिता येतो:

“आपली इमारत सी-2बी वर्गात आली आहे. घरं रिकामी करायची नाहीत, पण पार्किंगमधल्या 8 खांबांची दुरुस्ती पावसाळ्याआधी करावी लागेल. अंदाजे खर्च 18 लाख, म्हणजे प्रत्येक सदनिकेमागे 75 हजार. उत्तरेकडच्या 3 खांबांना टेकू लागेपर्यंत तिथे गाडी लावू नये. 15 मार्चच्या विशेष सर्वसाधारण सभेत खर्चाला मंजुरी घ्यायची आहे. पाया उघडून तपासलेला नाही, त्यामुळे खर्च वाढू शकतो. निष्कर्ष पान 41, खर्च पान 55.”

चाचण्यांची नावं गेली, तरी कोणाचं काही अडलं नाही. “पल्स व्हेलॉसिटी 2.8 किमी प्रति सेकंद” हा आकडा अभियंत्याला बरंच काही सांगतो, सभासदाला काहीच नाही. ‘सी-2बी’ मात्र ठेवायचं, कारण नगरपरिषदेच्या पत्रव्यवहारात हाच शब्द येतो. पण त्याचा अर्थ लगेच पुढच्या वाक्यात द्यायचा. सी-1 म्हणजे इमारत पाडायची आणि सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती करायची, असं असताना नुसतं अक्षर वाचून लोक घाबरतील, नाहीतर दुर्लक्ष करतील.

पायाबद्दलचं वाक्य कापायचा मोह बहुतेकांना होतो. “उगाच शंका कशाला, सविस्तर अहवालात आहेच की!” हा दुसरा गैरसमज, आणि तो जास्त धोकादायक आहे. 2003 साली कोलंबिया अंतराळयान अवकाशात असताना, त्याच्या पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याबद्दल अभियंत्यांनी नासाला स्लाइड्स दाखवल्या. त्यातल्या एका स्लाइडचं शीर्षक धीर देणारं होतं. चाचण्यांमध्ये वापरलेला तुकडा 3 घनइंचांचा, तर आदळलेला अंदाजे 1920 घनइंचांचा, ही गोष्ट अगदी तळाच्या ओळीत होती. यान परतताना सातही अंतराळवीर दगावले. चौकशी मंडळाने अपघाताचं भौतिक कारण तुटलेला फोम हे दिलं, पण अहवालात त्या स्लाइडवर स्वतंत्रपणे टीका केली. निर्णय ज्या मर्यादेमुळे फिरू शकतो ती सारांशातच हवी. आपल्या उदाहरणात ती पायाची आहे. उल्हास नदीचं पाणी 2019 आणि 2021 च्या जुलैमध्ये बदलापूर पश्चिमेच्या सखल भागात शिरलं होतं. पार्किंगमध्ये पाणी साचलेल्या इमारतीचा पाया न तपासता दिलेला खर्चाचा आकडा पक्का धरता येत नाही.

अभियंत्याने स्वतःच लिहिलेला सारांश चिकटवला की झालं, असंही ऐकू येतं. तो बहुधा नगरपरिषदेत दाखल करण्यासाठी लिहिलेला असतो. त्यात वर्ग असतो, पण तुमचे 75 हजार नसतात. “आदरणीय सभासद, सविनय सादर” अशी सुरुवात सभ्यपणाची वाटते, पण मोबाइलवर ईमेल न उघडता दिसते तेवढी जागा तीच खाऊन टाकते. नमस्कार एका शब्दात करा आणि ‘ऑडिट अहवाल’ या विषयाऐवजी ‘8 खांबांची दुरुस्ती, सभा 15 मार्च’ असं लिहा. सारांश सगळ्यात आधी लिहायचा हेही चूक. अहवाल पूर्ण वाचल्याशिवाय पान 41 सापडत नाही.

पाठवण्याआधी सारांश अहवाल न पाहिलेल्या एका शेजाऱ्याला वाचायला द्या आणि विचारा: घर सोडायचं का, किती पैसे, कधीपर्यंत, आणि यात काय बदलू शकतं? ज्या प्रश्नासाठी त्यांनी पीडीएफ उघडली, त्याच्या उत्तराचं वाक्य सारांशात राहून गेलंय.