टोपणनाव घेतलं, तरी ओळख कुठून फुटते?

परवा एका परिचारिका मैत्रिणीने विचारलं, "टोपणनावाने लिहितेय, तरी गावातल्या दोघींनी ओळखलंच. कसं?"

मी संपादनाचं काम करते, म्हणून तिचा लेख तपशील शोधत वाचला. नाव कुठेच नव्हतं. पण 'तालुक्यातलं एकमेव डायलिसिस केंद्र', 'मंगळवारची रात्रपाळी' आणि 'माझी जुळी मुलं' हे तिन्ही होतं. एकेक तपशील निरुपद्रवी. तिन्ही जुळले की माणूस एकच उरतो.

मग काय बदलायचं? मुद्द्याला ज्याची गरज नाही ते. वार आणि मुलांचा उल्लेख काढला, तालुक्याच्या जागी 'एक छोटं शहर' आलं. रुग्णाची ओळख पटेल असंही काही ठेवलं नाही. उपचाराची माहिती मात्र जशीच्या तशी ठेवली, कारण वाचकाचा विश्वास तिच्यावरच असतो.

सुरुवातीलाच एक ओळ टाकली: 'लेखिका परिचारिका आहे. नाव टोपण आहे, ओळखीचे तपशील बदलले आहेत.' व्यवसाय खरा सांगायचा. नसलेली पदवी लावायची नाही. टोपणनाव एकच ठेवायचं आणि चूक निघाली तर त्याच नावाने दुरुस्ती द्यायची.

मराठीत टोपणनावाने केलेल्या लेखनाचं मोठं उदाहरण म्हणजे विभावरी शिरूरकर. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा या नावामागे मालतीबाई बेडेकर आहेत हे वाचकांना ठाऊक नव्हतं. स्त्रियांच्या घुसमटीबद्दलचं ते लेखन तरीही लोकांना खरं वाटलं.

एक मर्यादा लक्षात ठेवा: मानधन घेताना प्रकाशकाला सहसा खरं नाव द्यावं लागतं. नाव कोणाकोणाला कळेल, हे आधीच विचारून घ्या.

तुमच्या लेखातल्या एखाद्या तपशिलाबद्दल शंका असेल तर विचारा.