साठ रुपयांच्या ताटाचा हिशेब

सटाण्यात माझी मावशी घरगुती मेस चालवते. बाहेरगावहून शिकायला आलेली मुलं, बदलीवर आलेले दोन-तीन कर्मचारी, एकूण पंचवीसेक डबे. गेल्या वर्षी एका ऑफिसातून तिला फोन आला, "ताई, आमच्याकडे ऐंशी माणसं दुपारी जेवतात. कोटेशन पाठवा." मावशीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. घरात बी.कॉम.ला असलेलं एकच पोर होतं, ते म्हणजे मी.

मी दीड पान टाईप केलं. वर अन्नपूर्णेचं चित्र, खाली 'रुचकर, पौष्टिक व घरगुती चवीचे भोजन', मग सोमवार ते शनिवारचा मेन्यू, आणि शेवटी ठळक अक्षरात 'प्रति ताट रु. ६०/- फक्त'. हा आकडा मावशीने कुठून आणला? पलीकडच्या गल्लीतली खानावळ सत्तर घेते, म्हणून आपण साठ. काम लगेच मिळालं. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी वही उघडून बसलो तेव्हा मावशी म्हणाली, "अरे, रोज पहाटे पाचला उठतेय, मग पैसे गेले कुठे?"

कुणीच फसवलं नव्हतं. चूक त्या दीड पानात होती, आणि ते मीच लिहिलं होतं.

आधी एका ताटाचं गणित बघा. तीन पोळ्या म्हणजे साधारण ९० ग्रॅम कणीक, ५० ग्रॅम तांदूळ, २५ ग्रॅम तूरडाळ, भाजी निवडण्याआधीची सव्वाशे ग्रॅम, तेल १५ ग्रॅम. वर कांदा-टोमॅटो-लसूण, मसाला, कोशिंबीर नाहीतर ठेचा. आमच्या वहीतल्या तेव्हाच्या भावाने हे अठ्ठावीस रुपयांच्या आसपास बसलं. नासधूस आणि 'अजून एक पोळी द्या'वाले धरून ३१. गॅसचे साडेचार, साबण-हातमोजे-पाणी-किरकोळ दोन. झाले साडेसदतीस. हा खर्च ताटाबरोबर वाढतो आणि ताटाबरोबरच कमी होतो.

दुसरा खर्च ताटं मोजत नाही. पोळ्या करणाऱ्या दोन बायांची हजेरी ८००, डबे पोचवून वाढणाऱ्या मुलाचे ३५०, रिक्षाचे १५०, भाडं-वीज १००. रोजचे १४००. ऐंशी जेवले तरी तेवढेच, चाळीस जेवले तरी तेवढेच. ऐंशी ताटांवर वाटले तर ताटामागे साडेसतरा, म्हणजे एक ताट पंचावन्नला पडतं. पन्नासच ताटं गेली तर तेच ताट साडेपासष्टला पडतं. साठ रुपये दराने ६३ ताटांखाली गेलं की घरचे पैसे घालून लोकांना जेवायला घालायचं. आणि यात मावशीची स्वतःची मजुरी अजून धरलेलीच नाही, तिचा पगार म्हणजे जो उरेल तो नफा.

आमची सरासरी निघाली ५८. ऐंशी माणसं ऑफिसात होती हे खरं, पण चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्र, लग्नाच्या दाट तिथी, आणि मार्गशीर्षात देवमामलेदारांची यात्रा लागली की अर्धं गाव यात्रेत. त्यात 'आज साठच माणसं आहेत' हा निरोप सकाळी अकराला यायचा, भाजीला फोडणी बसल्यावर. वीस ताटं फुकट शिजली की सहाशे रुपये गेले.

म्हणून दुसऱ्या प्रस्तावात दराच्या खाली एक ओळ आली: दर ६५ रुपये, रोज किमान ७० ताटांचं बिल लागेल, आणि संख्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत कळवावी. त्या संख्येपेक्षा पाच टक्के कमी-जास्त झाली तर आम्ही सांभाळून घेऊ. ६५ दराने ७० ताटं म्हणजे मावशीला दिवसाचे सव्वापाचशे तरी सुटतात. दर पाच रुपयांनी वाढवण्यापेक्षा ही 'किमान'वाली ओळ मोलाची, असं माझं मत आहे. दरावर घासाघीस सगळेच करतात, या ओळीकडे समोरचाही नीट बघत नाही. अर्थात 'जीएसटी धरून की वेगळा' हेही त्याच ओळीत लिहा, नाहीतर पहिल्या बिलाला भांडण ठरलेलं.

आता मेन्यू. माझ्या पहिल्या कागदावर आठवड्याचा मेन्यू होता. तिसऱ्या आठवड्यात लोक वार बघून सांगायला लागले, "मंगळवार ना? मटकी." कंटाळलेला माणूस घरून डबा आणतो आणि ताटं घटतात. त्यामुळे आता दोन आठवड्यांचं, म्हणजे बारा दिवसांचं चक्र केलं. सलग दोन दिवस उसळ नाही, आणि महाग दिवसाच्या शेजारी स्वस्त दिवस. पनीरचा दिवस ताटाचा किराणा चाळीसपर्यंत नेतो, पिठलं-भाकरी-ठेचा तो विशीत आणतो. शेवभाजी आपल्याकडे चुकवून चालत नाही. त्या दिवशी पोळ्या जास्त लागतात हे मात्र आधीच धरायचं.

आणखी एक युक्ती मावशीने सुचवली. चक्रात 'गवार', 'दोडका' असं नाव घालायचंच नाही, 'हंगामी फळभाजी' किंवा 'पालेभाजी' एवढंच लिहायचं. एकदा कागदावर गवार लिहिली की गवार महागल्यावरही ती आणावी लागते. भरीत मात्र नावाने, पण फक्त थंडीत, चांगली वांगी येतात तेव्हा.

कांद्याचं कौतुक बागलाणात कुणाला सांगायला नको. पण शेतकऱ्याच्या बाजूने रोज कांद्याचा भाव ऐकणारे आपण, ताटाच्या बाजूने तो कधी मोजत नाही. ताटामागे ६० ग्रॅम कांदा धरला तर ऐंशी ताटांना रोज पावणेपाच किलो लागतो. पंधरा रुपये किलो असताना ७२ रुपये. चाळीतला उन्हाळ कांदा संपत येतो आणि नवा लाल कांदा अजून यायचा असतो, त्या मधल्या काळात तोच साठला गेला तर २८८. ताटामागे पावणेतीन रुपये नुसत्या कांद्यात जातात, आणि ऐंशी ताटांवर आमचा नफा आहे दहा रुपये. म्हणून अट अशी घातली की दर तिमाहीला कांदा, तेल, तूरडाळ आणि व्यावसायिक सिलिंडर या चारांचे भाव बघून दर ठरेल. चारांची नावं लिहिली की 'महागाई वाढली' असं मोघम बोलावं लागत नाही, बिलंच समोर ठेवता येतात.

स्वच्छतेच्या रकान्यात मी आधी लिहिलं होतं, 'स्वच्छतेची पूर्ण काळजी घेतली जाईल'. हे वाक्य सगळेच लिहितात आणि कुणीच तपासू शकत नाही. खरी अडचण भाताची होती. मावशी सकाळी आठलाच भात लावून मोकळी व्हायची, जेवण सव्वा वाजता. तांदळात बॅसिलस सिरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात. ते शिजवूनही मरत नाहीत आणि भात कोमट झाला की वाढायला लागतात. त्यातला एक प्रकार उलट्या करवणारं विष तयार करतो, आणि ते विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. गंमत म्हणजे अशा भाताला वास येईलच असं नाही. म्हणजे 'वास घेऊन बघितला' हा इथे पुरावाच नाही.

मग प्रस्तावात वेळाच लिहिल्या. भात अकरानंतर शिजेल, पावणेबाराला झाकणबंद डब्यात भरला जाईल, साडेबाराला पोचेल, दीडपर्यंत वाढून संपेल. उरलेला परत येणार नाही आणि दुसऱ्या दिवशीच्या फोडणीच्या भातातही जाणार नाही. पोचल्यावर भात-भाजी ६० अंशांच्या वर आहे की नाही ते सुईच्या थर्मामीटरने बघून वहीत लिहायचं, ऑफिसातल्या एकाने सही करायची. प्रत्येक पदार्थाची एक वाटी झाकून चोवीस तास फ्रीजमध्ये. उद्या कुणाचं पोट बिघडलं तर त्या वाटीने खरं काय ते कळेल, आणि चूक आपली नसेल तर आपणही वाचू. एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर कागदाच्या डोक्यावर, अन्नपूर्णेच्या चित्राच्या जागी.

शाळेला प्रस्ताव देणार असाल तर एक फरक लक्षात घ्या. सरकारी शालेय पोषण आहारात दर आणि प्रमाण सरकारच ठरवतं, तिथे घासाघीस नाही. पण ते प्रमाण खाजगी शाळेसाठीही मापपट्टी म्हणून उत्तम आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी, मिळून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. सहावी ते आठवीला धान्य १५० ग्रॅम, प्रथिनं २०. कागदावर 'पौष्टिक' न लिहिता हे ग्रॅम लिहा.

राहिली उधारी. पहिल्या वेळी बिल महिन्याच्या शेवटी आणि पैसे त्यानंतर पंधरा दिवसांनी, असं ठरलं होतं. ऐंशी ताटांना दिवसाचा खर्च ४४००. पहिला रुपया हातात येईपर्यंत जवळपास ३७ दिवस स्वयंपाक झालेला असतो, म्हणजे एक लाख साठ हजारांच्या वर रक्कम अडकते. मावशीकडे ती नव्हती, म्हणून किराणा उधारीवर आणि उधारीचा माल दोन रुपयांनी महाग. हा फास जुनाच आहे. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांना गिरणी कामगार पगार झाल्यावर पैसे द्यायचे, तोवर वाणी आणि सावकार. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. पुढे त्याच संस्थेने कॅटरिंगही सुरू केलं.

आम्ही कर्ज न काढता अट बदलली: बिल दर पंधरवड्याला, पैसे पाच दिवसांत. अडकणारी रक्कम सत्तर-पंच्याहत्तर हजारांवर आली.

दुसरा कागद चार पानांचा झाला. ऑफिसातल्या साहेबांनी तो दोनदा वाचला. ७० ताटं मान्य, पंधरवड्याचं बिल मान्य. तिमाही दरावर मात्र ते अडून बसले, "ताई, सहा महिन्यांनी बघू ना." मावशीने तेवढं सोडलं, पण पेन हातात घेऊन खाली एक ओळ स्वतः लिहिली: कांदा किलोला पन्नासच्या वर गेल्यास कोशिंबीर काकडी किंवा मुळ्याची मिळेल. साहेब हसले आणि सही केली.