निळ्याला जमतं ते हिरव्याला का नाही?

बारावीच्या भौतिकशास्त्रात आणि पुढे जेईई-नीटच्या सराव संचांत एक गणित आकडे बदलून हमखास भेटतं. त्याचं एक रूप असं: पाऱ्याच्या दिव्यातला ३६५ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश एका फोटोसेलवर टाकला, तेव्हा स्टॉपिंग पोटेन्शियल १.१० व्होल्ट मिळालं. त्याच दिव्यातला ४३६ नॅनोमीटरचा निळा प्रकाश टाकला, तेव्हा ते ०.५५ व्होल्ट मिळालं. यावरून प्लँकचा स्थिरांक, धातूचं वर्क फंक्शन आणि उंबरठा वारंवारता काढा. ५४६ नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन बाहेर पडतील का, तेही सांगा.

दिलेली वाचनं दोन आणि विचारलेल्या गोष्टी चार, म्हणून गणित अवघड वाटतं. प्रत्यक्षात त्यामागे एकच सरळ रेषा आहे. ती डोळ्यांपुढे आली की सूत्रं पाठ करण्याची फारशी गरज उरत नाही.

आधी प्रयोग कसा होतो ते पाहू. काचेच्या निर्वात नळीत दोन पत्रे असतात. एकावर प्रकाश पडला की त्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. दुसऱ्या पत्र्यावर ते जमा होतात आणि मंडलात बारीकसा प्रवाह वाहतो. आता बॅटरी उलटी जोडली, म्हणजे दुसरा पत्रा ऋण केला, की येणारे इलेक्ट्रॉन मागे ढकलले जातात. हा उलटा दाब हळूहळू वाढवत नेला की आधी मंद इलेक्ट्रॉन गळतात, मग त्यांच्याहून जलद, आणि शेवटी सर्वांत जलद इलेक्ट्रॉनही पोचेनासा होतो. प्रवाह शून्यावर आणणारा तो नेमका दाब म्हणजे स्टॉपिंग पोटेन्शियल. सर्वांत जलद इलेक्ट्रॉनकडे किती ऊर्जा होती, हे त्यावरून कळतं.

फिलिप लेनार्ड यांनी १९०२ मध्ये या मापनातली एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. दिवा प्रखर केला की प्रवाह वाढायचा, पण सर्वांत जलद इलेक्ट्रॉनची ऊर्जा तसूभरही वाढत नसे. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी त्याचा उलगडा केला. प्रकाशाची ऊर्जा ठरावीक आकाराच्या गठ्ठ्यांनी येते. एका गठ्ठ्यातली ऊर्जा वारंवारतेवर अवलंबून असते आणि एक गठ्ठा एकाच इलेक्ट्रॉनला मिळतो.

धातूचा पृष्ठभाग म्हणजे जकात नाका समजा. नाक्यावरची जकात ठरलेली आहे, तेच वर्क फंक्शन. फोटॉन इलेक्ट्रॉनच्या हाती जी रक्कम ठेवतो, तिच्यातून जकात भरून जे उरतं ते घेऊन इलेक्ट्रॉन बाहेर धावतो. रक्कम जकातीपेक्षा कमी असेल तर तो आतच राहतो. दिवा प्रखर करणं म्हणजे तेवढीच रक्कम अधिक जणांना वाटणं. त्याने बाहेर पडणाऱ्यांची संख्या वाढेल, पण कोणाच्याही खिशात उरणारी शिल्लक वाढणार नाही. हा हिशेब सूत्रात असा मांडतात:

eV₀ = hν − φ

इथे V₀ म्हणजे स्टॉपिंग पोटेन्शियल, ν म्हणजे प्रकाशाची वारंवारता, φ म्हणजे वर्क फंक्शन आणि h म्हणजे प्लँकचा स्थिरांक. हाती आलेली रक्कम जेमतेम जकातीएवढी असेल तर शिल्लक शून्य राहते. त्या क्षणीची वारंवारता म्हणजे उंबरठा वारंवारता, म्हणून φ = hν₀. तिन्ही राशींचं नातं एवढंच आहे.

आडव्या अक्षावर वारंवारता आणि उभ्या अक्षावर स्टॉपिंग पोटेन्शियल मांडलं, की सूत्राची सरळ रेषा होते. रेषेचा चढ h/e सांगतो. रेषा आडव्या अक्षाला जिथे भेटते ती उंबरठा वारंवारता. तीच रेषा मागे वाढवली की उभ्या अक्षाला शून्याच्या खाली जिथे छेदते, तिथे वर्क फंक्शन व्होल्टमध्ये वाचता येतं. रेषा काढायला दोन बिंदू पुरतात आणि गणितात नेमके दोन दिले आहेत.

आता आकडे घालू. प्रकाशाचा वेग ३ × १०⁸ मीटर प्रति सेकंद. त्याला ३६५ नॅनोमीटरने भागलं की वारंवारता ८.२२ × १०¹⁴ हर्ट्झ येते, ४३६ नॅनोमीटरने भागलं की ६.८८ × १०¹⁴ हर्ट्झ. दोन्हींतला फरक १.३४ × १०¹⁴ आणि व्होल्टमधला फरक ०.५५. भागाकार केला की चढ सुमारे ४.११ × १०⁻¹⁵ व्होल्ट-सेकंद येतो. त्याला इलेक्ट्रॉनच्या भाराने, म्हणजे १.६ × १०⁻¹⁹ ने, गुणलं की h सुमारे ६.५८ × १०⁻³⁴ ज्यूल-सेकंद मिळतो. मान्य किंमत ६.६३ आहे, म्हणजे उत्तर एका टक्क्याच्या आतबाहेर आलं.

वर्क फंक्शन काढताना ज्यूलच्या वाटेला न गेलेलं बरं. एका इलेक्ट्रॉनला १ व्होल्टच्या विरोधातून नेताना जी ऊर्जा खर्ची पडते, तिला १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणतात. म्हणून स्टॉपिंग पोटेन्शियल १.१० व्होल्ट असेल तर सर्वांत जलद इलेक्ट्रॉनची ऊर्जा १.१० इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, वेगळा गुणाकार लागत नाही. अतिनील फोटॉनची ऊर्जा म्हणजे ४.११ × १०⁻¹⁵ गुणिले ८.२२ × १०¹⁴, साधारण ३.३८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट. त्यातून १.१० वजा केले की २.२८ उरतात. हे वर्क फंक्शन पोटॅशियमच्या जवळ जातं. निळ्या प्रकाशाचं वाचन घेऊन तोच हिशेब करा: २.८३ वजा ०.५५, पुन्हा २.२८. दोन्हीकडून एकच उत्तर आलं, म्हणजे आकडेमोड चुकलेली नाही.

उंबरठा वारंवारता म्हणजे २.२८ भागिले ४.११ × १०⁻¹⁵, सुमारे ५.५५ × १०¹⁴ हर्ट्झ. तरंगलांबीत सांगायचं तर ५४१ नॅनोमीटर. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ५४६, म्हणजे उंबरठ्याहून थोडी जास्त आणि म्हणून वारंवारता थोडी कमी. हिरवा प्रकाश थोडक्यात अडतो. दिवा कितीही प्रखर केला तरी साध्या दिव्याच्या प्रकाशात एका इलेक्ट्रॉनला एकाच वेळी दोन फोटॉन मिळण्याची शक्यता नगण्य असते, त्यामुळे तूट भरून निघत नाही.

नेमका इथे अनेकांचा पाय घसरतो. हिरव्या प्रकाशाची वारंवारता सूत्रात घातली की उत्तर उणे ०.०२ व्होल्टच्या आसपास येतं आणि तेच स्टॉपिंग पोटेन्शियल म्हणून वहीत लिहिलं जातं. उणे उत्तराचा इथे अर्थ एवढाच, की इलेक्ट्रॉन सुटलेच नाहीत. जे सुटलेच नाहीत त्यांना थांबवण्याचा प्रश्न येत नाही. म्हणून आधी वारंवारता उंबरठ्याच्या वर आहे का ते पाहावं आणि मगच सूत्राला हात घालावा.

दुसरी चूक त्रैराशिकाच्या सवयीतून येते. तरंगलांबी निम्मी केली की फोटॉनची ऊर्जा दुप्पट होते, मग स्टॉपिंग पोटेन्शियलही दुप्पट होणार असं वाटतं. आपल्याच फोटोसेलवर ४३६ ऐवजी २१८ नॅनोमीटरचा प्रकाश टाकला तर फोटॉनची ऊर्जा ५.६६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट होईल. जकात तेवढीच, २.२८. शिल्लक ३.३८, म्हणजे आधीच्या ०.५५ च्या सहापट. रेषा आरंभबिंदूतून जात नाही, त्यामुळे पटीचा हिशेब इथे चालत नाही. तरंगलांबी बदलून दोन स्टॉपिंग पोटेन्शियलची तुलना करायला लावणारी बहुतेक गणितं याच गोष्टीवर बेतलेली असतात.

कागदावर दोन बिंदू पुरतात, प्रयोगशाळेत मात्र ते तोकडे पडतात. समजा, अतिनील प्रकाशाचं वाचन १.१० ऐवजी १.१२ घेतलं गेलं. फक्त ०.०२ व्होल्टची चूक. चढ ४.२६ × १०⁻¹⁵ होतो आणि वर्क फंक्शन २.२८ वरून २.३८ वर जातं. हिरव्याचा निर्वाळा बदलत नाही, पण उंबरठ्याच्या अगदी लगतच्या, त्याहून किंचित निळसर प्रकाशासाठी आपण चुकीचा निर्वाळा देऊ. अशी चूक सहज होते, कारण प्रवाह शून्यावर एका झटक्यात येत नाही, रेंगाळत येतो. शिवाय थोडा प्रकाश दुसऱ्या पत्र्यावर सांडतो, तिथूनही इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्रवाह शून्याच्या खाली जातो. अशा वेळी शून्य नेमकं कुठे धरायचं हाच प्रश्न होतो.

रॉबर्ट मिलिकन यांनी शिकागोत ही रेषा अनेक बिंदूंनी काढली आणि १९१६ मध्ये निष्कर्ष छापले. आइनस्टाइन यांची फोटॉनची कल्पना त्यांना पटलेली नव्हती, पण बिंदू सरळ रेषेतच बसले. सोडियम आणि लिथियमचे पृष्ठभाग हवा लागताच खराब होतात. म्हणून त्यांनी निर्वात नळीच्या आतच, बाहेरून चुंबकाने चालवायच्या चाकूने धातू खरवडून ताजा पृष्ठभाग मिळवला. आणखी एक गोष्ट त्यांनी वेगळी मोजली आणि ती पाठ्यपुस्तकातल्या गणितांत सहसा नसते. दोन वेगळे धातू तारेने जोडले की त्यांच्या पृष्ठभागांमध्ये आपोआप एक छोटं व्होल्टेज तयार होतं. इलेक्ट्रॉनला बॅटरीच्या दाबाबरोबर याचाही सामना करावा लागतो.

आपल्या उदाहरणात हे आगंतुक व्होल्टेज ०.४० असेल, तर मीटर १.१० आणि ०.५५ ऐवजी ०.७० आणि ०.१५ दाखवेल. दोन्ही वाचनं सारखीच खाली आली, म्हणून फरक तोच राहिला, चढ तोच राहिला आणि h बरोबर आला. वर्क फंक्शन मात्र २.६८ निघेल आणि उंबरठा तरंगलांबी ४६० नॅनोमीटर. हे खोटं आहे हे ओळखायचं कसं? ५०० नॅनोमीटरच्या आसपासचा निळसर हिरवा प्रकाश टाकून बॅटरी सुलटी जोडायची आणि अर्ध्या व्होल्टचा पुढे ओढणारा दाब द्यायचा. प्रवाह वाहू लागला, तर त्या प्रकाशाने इलेक्ट्रॉन सुटताहेत हे उघड आहे आणि ४६० चा उंबरठा चुकीचा ठरतो. प्रयोगवहीत h अचूक आणि वर्क फंक्शन भलतंच आलं असेल, तर आकडेमोड पुन्हा तपासण्याआधी ही चाचणी करून पाहावी.