टॉवेल बदलायचा की नाही, पाहुण्याला ठरवू द्या

हॉटेलच्या बाथरूममधलं ‘पृथ्वी वाचवा’ छापाचं कार्ड पैसे मोजून आलेल्या पाहुण्याला उगीच अपराधी ठरवतं. अमेरिकेत गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा नेहमीच्या विनंतीला सुमारे ३५ टक्के पाहुण्यांनी दाद दिली. ‘बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात’ असं लिहिल्यावर ४४ टक्क्यांनी. पुढे जर्मनीत मात्र तसा फायदा दिसला नाही, तेव्हा त्या एका वाक्यावर फार भिस्त नको.

त्यापेक्षा खूण सांगा आणि निवड पाहुण्यावर सोडा. महाबळेश्वरच्या हॉटेलात मराठी-हिंदी कार्ड असं चालेल:

‘टॉवेल दांडीवर वाळत घातलात, तर तोच ठेवू. नवा हवा असेल, तर टोपलीत टाका. दोन्ही चालेल.’

‘तौलिया रॉड पर टाँगा हो, तो वही रहने देंगे। नया चाहिए, तो टोकरी में डाल दें। जैसा आप चाहें।’

घोळ होतो तो पुढे. खोली आवरणारा सवयीने टांगलेला टॉवेलही उचलून नेतो आणि पाहुणा कार्डावर पुन्हा विश्वास ठेवत नाही. हॉटेलवाल्यांनो, कार्ड छापण्याआधी बाथरूममध्ये दांडी आणि टोपली ठेवा, आणि आवरणाऱ्यांना ही खूण नीट समजावून सांगा.