गळतीची रेघ काय सांगते?

यूट्यूबवर ‘जॉइन’ बटण दाबून दरमहा पैसे देणारे मेंबर किती झाले, हा आकडा चॅनल चालवणारे रोज पाहतात. त्या एका आकड्यात नवे आलेले आणि सोडून गेलेले सगळेच मिसळलेले असतात. कोणत्या व्हिडिओने टिकणारी माणसं आणली हे कळायचं, तर मेंबरांच्या तुकड्या पाडाव्या लागतात. एका व्हिडिओमुळे आलेले सगळे एका तुकडीत घ्यायचे आणि त्यांतले दर महिन्याला किती उरले, ते कागदावर मांडायचं. उतरत जाणारी ही रेघ म्हणजे गळतीचा आलेख.

समजा, किल्ल्यांवरच्या एका चॅनलने दोन व्हिडिओ केले. पहिला एका गाजलेल्या वादावर होता. त्यातून १०० मेंबर आले. पहिल्यापासून सहाव्या महिन्यापर्यंत पैसे देणारे १००, ४५, २८, २०, १५ आणि १२. दुसरा गडावरच्या पाण्याच्या टाक्यांवर, तासभराचा. त्यातून ४० जण आले. ते ४०, ३५, ३३, ३२, ३१, ३० असे राहिले. सहा महिन्यांत पहिल्याने २२० मासिक वर्गण्या दिल्या, दुसऱ्याने २०१. इथवर पहिलाच सरस वाटतो. पण सातव्या महिन्यात पहिल्याचे १० आणि दुसऱ्याचे २९ उरले, तर दोघांची बेरीज २३० होते. त्यानंतर दुसरा व्हिडिओ पुढेच जात राहतो.

सुरुवातीची घसरण बहुतेक तुकड्यांत दिसते, कारण काहीजण एखादा खास भाग पाहण्यापुरतेच आलेले असतात. खरी ओळख पटते ती रेघ पुढे सपाट होते का, यावरून. म्हणून दोन तुकड्यांची तुलना नेहमी समान वयाला करावी. मागच्या महिन्यात आलेली तुकडी भरलेली दिसते, कारण तिला गळायला वेळच मिळालेला नसतो.

गेलेला प्रत्येक जण नाराज होऊन गेला, असंही नसतं. कार्डाची मुदत संपते, पैसे कापले जात नाहीत. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे आपोआप होणाऱ्या वजावटीचे नवे नियम लागू झाले, तेव्हा भारतात अशी अनेक मासिक देणी अडकली. एकाच तारखेला सगळ्या तुकड्या एकदम खाली आल्या, तर दोष व्हिडिओत नव्हे, पैसे भरण्याच्या वाटेत शोधावा.

आणखी एक अडचण उरते. माणूस ज्या व्हिडिओखाली बटण दाबतो, त्याआधी त्याने दहा व्हिडिओ पाहिलेले असू शकतात. त्यामुळे नव्या मेंबराला ‘कशामुळे आलात?’ हे विचारून त्याचं उत्तर तारखेसह लिहून ठेवावं. चाळीस जणांच्या तुकडीत एक माणूस म्हणजे अडीच टक्के. तेव्हा एकाच व्हिडिओवरून निकाल देऊ नका. त्याच धाटणीच्या तीन-चार व्हिडिओंची रेघ सपाट राहिली, तरच पुढचा विषय त्यावरून ठरवा.