डासाची पाठ पाहा!

पावसाळा सुरू झाला, की डासाचा फोटो काढून ‘हा डेंग्यूचा का?’ असं विचारणारे पुष्कळजण भेटतात. फोटोत पट्टे दिसतात आणि माणूस घाबरतो. पण श्रोतेहो, पोटावरचे पट्टे पाहून काहीच ठरत नाही. रात्री कानाशी गुणगुणणारा घरातला तपकिरी क्युलेक्स घ्या. त्याच्याही पोटावर फिकट पट्टे असतात. सेप्टिक टँकमध्ये वाढणारा आर्मिजेरिस चांगला मोठा, काळसर असतो, पोटाच्या कडेला पांढरे पट्टे मिरवतो आणि संध्याकाळी कडकडून चावतो. लोक हमखास त्यालाच डेंग्यूचा डास समजतात. त्याची सोंड मात्र खाली वाकलेली असते आणि पायांवर पांढरी कडी नसतात.

तेव्हा आधी पाय पाहावेत. काळ्या पायांवर ठसठशीत पांढरी कडी असतील, तर तो एडिस असण्याचा संभव मोठा. काही क्युलेक्सच्या पायांवरही पुसट कडी असतात, म्हणून तेवढ्यावर थांबू नये. खरी ओळख पाठीवर, म्हणजे डोक्यामागच्या फुगीर भागावर असते. तिथे दोन्ही कडांना विळ्याच्या पात्यासारख्या वळलेल्या पांढऱ्या रेघा आणि मध्ये दोन बारीक सरळ रेघा दिसल्या, तर तो एडिस इजिप्ती. मधोमध एकच ठळक पांढरी रेघ असेल, तर एडिस अल्बोपिक्टस. डेंग्यू दोघेही पसरवतात. पण शहरात मुख्य दोष इजिप्तीकडे जातो.

समजा, दुपारी गॅलरीत चावणाऱ्या डासाचा फोटो आहे. पायांवर स्वच्छ कडी, पाठीवर एकच रेघ. म्हणजे अल्बोपिक्टस. मग पाणी शोधायचं ते आधी घराबाहेर: कुंडीखालची ताटली, टाकलेला टायर, बांबूचं कापलेलं खुंट, झाडाची ढोली. पाठीवर विळे दिसले असते, तर कूलर, पिंप आणि टाकी आधी तपासली असती. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून हे पाणी आठवड्याच्या आत ओतून भांडं घासून कोरडं करावं. अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं ओतून ती जात नाहीत.

फोटो बिघडतो तो दोन कारणांनी. एक म्हणजे बाजूने काढलेला फोटो. त्यात पाठ दिसतच नाही. दुसरं म्हणजे आपली चापट! या रेघा रंगाच्या नसून बारीक खवल्यांच्या असतात. फुलपाखराच्या पंखावरच्या भुकटीसारखे ते खवले झडतात. म्हाताऱ्या डासाचेही झडलेले असतात, मग ओळख पटत नाही. त्यापेक्षा डासावर पेला उपडा ठेवावा, खालून पुठ्ठा सरकवावा आणि तसाच अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवावा. नंतर पांढऱ्या कागदावर, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता बरोबर वरून फोटो काढावा. फ्लॅशमुळे साधी तपकिरी पाठही चकाकते आणि नसलेल्या रेघा दिसू लागतात.

डासाच्या अंगात विषाणू आहे की नाही, हे मात्र कुठल्याच फोटोतून कळत नाही. ते प्रयोगशाळेतच तपासावं लागतं.